'तुम्हीही तेच केले': ॲडमिरल डोनिट्झचा खटला आणि एका युक्तिवादाची कसोटी

१/ इतिहासावर वाद सुरू झाला की थोड्याच वेळात कोणीतरी विचारतेच, "आणि त्यांनी केले त्याचे काय?" त्यावर दुसरा तितक्याच ठामपणे सुनावतो, "ही व्हॉटअबाउटरी आहे." दोघांनाही जिंकल्याचे समाधान मिळते आणि मूळ प्रश्न आहे तिथेच राहतो. पहिल्याची पळवाट आपल्या ओळखीची आहे. पण दुसऱ्याचीही पळवाट असू शकते, हे मात्र आपण क्वचित लक्षात घेतो. समोरच्याने दाखवलेली विसंगती खरी असेल, तर तिला एक नाव चिकटवून बाजूला सारणे हीदेखील टाळाटाळच.

२/ या युक्तिवादाचे जुने लॅटिन नाव 'तू क्वोक्वे', म्हणजे 'तूही'. (लॅटिनमधला हा 'तू' आणि आपला मराठी 'तू' एकाच मूळ कुळातले आहेत.) तर्कशास्त्राच्या पुस्तकांत तो दोषांच्या यादीत असतो: आरोप करणाराही दोषी आहे, एवढ्याने आरोप खोटा ठरत नाही. हे बरोबरच आहे, पण पुरेसे नाही. आज एक खटला पाहू. त्यात हा प्रश्न न्यायाधीशांना प्रत्यक्ष सोडवावा लागला होता, आणि त्यावर एका माणसाची शिक्षा अवलंबून होती.

३/ नोव्हेंबर १९४५. न्यूरेंबर्ग येथे नाझी नेतृत्वावर आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे खटला सुरू झाला. न्यायाधीश चार देशांचे: ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ आणि फ्रान्स. हे चारही देश युद्धातले विजेते. त्यामुळे 'तुम्हीही तेच केले' हे वाक्य पहिल्या दिवसापासून त्या दालनाच्या दाराशी उभे होते. न्यायाधिकरणाची भूमिका स्पष्ट होती: येथे दोस्त राष्ट्रांवर खटला चालू नाही, आरोपींनी आपल्या कृत्यांविषयी बोलावे.

४/ आरोपींपैकी एक होता ग्रँड ॲडमिरल कार्ल डोनिट्झ. युद्धाच्या आरंभी तो जर्मन पाणबुड्यांचा सेनापती होता, जानेवारी १९४३ अखेर संपूर्ण नौदलाचा प्रमुख झाला आणि हिटलरच्या आत्महत्येनंतर काही दिवस जर्मनीचा राष्ट्रप्रमुखही. त्याच्यावरील आरोपांत एक मोठा आरोप पाणबुडीयुद्धाचा होता: त्याच्या पाणबुड्यांनी व्यापारी जहाजे पूर्वसूचना न देता बुडवली आणि बुडणाऱ्या लोकांना समुद्रातच सोडून दिले.

५/ आरोप ज्या नियमावर उभा होता तो आधी समजून घेऊ. १९३६ च्या लंडन करारनाम्यानुसार पाणबुडीलाही पृष्ठभागावरील युद्धनौकेचेच नियम लागू होते. व्यापारी जहाजाने थांबण्यास सतत नकार दिला किंवा प्रतिकार केला, तरच बळ वापरायचे. अन्यथा जहाज बुडवण्यापूर्वी प्रवासी, खलाशी आणि जहाजाची कागदपत्रे सुरक्षित स्थळी पोहोचवायची. जवळ किनारा नसेल, दुसरे जहाज नसेल, समुद्र खवळलेला असेल, तर जहाजावरच्या लहान होड्या 'सुरक्षित स्थळ' मानायच्या नाहीत. जर्मनीने हा करारनामा मान्य केलेला होता.

६/ आता पाणबुडीची अडचण पाहा. ती चिंचोळी असते. शेकडो लोक आत घेता येत नाहीत. पृष्ठभागावर आली की एखादी तोफही तिला पुरते. आणि युद्धाच्या पहिल्या महिन्यांपासून ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तोफा बसवल्या जात होत्या. पाणबुडी दिसताच बिनतारी संदेश पाठवायचा आणि शक्य झाल्यास तिला धडक द्यायची, अशा सूचना त्यांना होत्या. असे जहाज 'व्यापारी' उरते का? करारनाम्यात याचे उत्तर नव्हते.

७/ त्यात भर पडली लॅकोनिया प्रकरणाची. १२ सप्टेंबर १९४२ रोजी यू-१५६ या जर्मन पाणबुडीने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवले. जहाजावर सुमारे १८०० इटालियन युद्धकैदी होते. हे कळताच पाणबुडीच्या कप्तानाने बचावकार्य सुरू केले आणि मदतीचे आवाहन उघड प्रसारित केले. काही दिवसांनी एका अमेरिकी विमानाने त्या बचावकार्यात गुंतलेल्या पाणबुडीवरच बाँब टाकले. १७ सप्टेंबरला डोनिट्झने आदेश काढला: बुडालेल्या जहाजांवरील लोकांना वाचवण्याचे सर्व प्रयत्न थांबवा. फिर्यादी पक्षाच्या मते हा आदेश म्हणजे वाचलेल्यांना मारण्याची झाकलेली सूचना होती.

८/ डोनिट्झचा वकील होता ओटो क्रान्झब्यूलर. हा जर्मन नौदलाचा न्यायाधिकारी. न्यायालयात तो नौदलाच्या गणवेशातच येई. मार्च १९४६ मध्ये त्याने एक विलक्षण मागणी केली: अमेरिकेच्या पॅसिफिक आरमाराचे युद्धकाळातील प्रमुख ॲडमिरल चेस्टर निमिट्झ यांना लेखी प्रश्नावली पाठवू द्यावी. जपानविरुद्ध अमेरिकी पाणबुड्या कोणत्या आदेशांखाली लढल्या? जहाज बुडाल्यावर त्यांनी लोकांना वाचवले का?

९/ ब्रिटिश फिर्यादी सर डेव्हिड मॅक्सवेल-फाइफ यांनी हरकत घेतली. अमेरिकेने काय केले याचा या खटल्याशी संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे. वरवर पाहता हरकत बिनतोड वाटते. आपणही तिथे असतो तर म्हटले असते, "ही तर सरळ व्हॉटअबाउटरी."

१०/ क्रान्झब्यूलरचे उत्तर या धाग्याचा गाभा आहे. त्याचा आशय असा: अमेरिकी नौदलाने कायदा मोडला हे मला दाखवायचे नाही. उलट, अमेरिकी नौदल कायद्याच्या चौकटीतच वागले असे मी धरून चालतो. पण मग तसेच वागणारे जर्मन नौदल कायद्याबाहेर कसे? करारनाम्यातील शब्दांचा अर्थ, ते पाळण्यास बांधलेली नौदले प्रत्यक्षात काय करत होती यावरून कळतो. म्हणून मला निमिट्झची साक्ष हवी आहे.

११/ दोन युक्तिवादांतले अंतर पाहा. 'तूही' म्हणणारा दोघांनाही दोषी ठरवतो आणि मग स्वतः सुटू पाहतो. त्याच्या विधानातून त्याची सुटका निघतच नाही. क्रान्झब्यूलरच्या विधानातून मात्र निष्कर्ष निघतो: एक तर दोघेही निर्दोष, किंवा दोघेही दोषी. मधला मार्ग हवा असेल तर फिर्यादीने दोघांतला फरक दाखवावा. तो प्रतिपक्षाला विषयापासून दूर नेत नाही. 'हा नियम म्हणजे नेमके काय' या प्रश्नावर परत आणतो.

१२/ न्यायाधिकरणाने प्रश्नावलीला परवानगी दिली. मे १९४६ मध्ये निमिट्झनी उत्तरे दिली, आणि ती सरळ होती. ७ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे युद्धात उतरण्याच्या दिवशीच, जपानविरुद्ध अनिर्बंध पाणबुडीयुद्धाचा आदेश निघाला होता. रुग्णालय-जहाजे आणि सुरक्षित मार्गाची हमी दिलेली जहाजे तेवढी वगळली होती. पाणबुडीला जादा धोका पोहोचत असेल किंवा तिच्या कामगिरीत अडथळा येत असेल, तर शत्रूच्या लोकांना वाचवले जात नसे. जपानी व्यापारी जहाजे सशस्त्र असत, हे कारणही त्यांनी दिले. जर्मन बचावपक्ष नेमके हेच सांगत होता.

१३/ एका विजेत्या सेनापतीने पराभूत शत्रूच्या बचावासाठी असे उत्तर लिहून द्यावे, हे मला आजही थक्क करते. त्यात गोलमाल करणे त्यांना सहज शक्य होते.

१४/ निकाल लागला १ ऑक्टोबर १९४६ रोजी. तो बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण न्यायाधिकरणाने प्रश्नाचे तुकडे केले. सशस्त्र ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील हल्ल्यांबद्दल डोनिट्झ दोषी नाही. युद्धक्षेत्र जाहीर करून त्यात शिरलेली तटस्थ देशांची जहाजे पूर्वसूचना न देता बुडवणे हा मात्र करारनाम्याचा भंग. वाचलेल्यांना मारण्याचा हेतुपुरस्सर आदेश दिला हे खात्रीने सिद्ध झालेले नाही, पण आदेश संदिग्ध होते आणि ते कठोर निषेधास पात्र आहेत. आणि लोकांना वाचवता येत नसेल तर करारनाम्याप्रमाणे जहाज बुडवताच येत नाही, म्हणून तोही भंग.

१५/ म्हणजे क्रान्झब्यूलरची व्याख्या न्यायाधिकरणाने पूर्णपणे स्वीकारली नाही. भंग झालाच, असे म्हटले. पण पुढचे वाक्य महत्त्वाचे. स्कागेराक सामुद्रधुनीत दिसेल ते जहाज बुडवण्याचा ब्रिटिश नौदलाचा ८ मे १९४० रोजी जाहीर झालेला आदेश आणि निमिट्झ यांची उत्तरे लक्षात घेता, पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगासाठी डोनिट्झला शिक्षा देण्यात येत नाही, असे निकालपत्र सांगते.

१६/ मला हा निकाल अर्धा प्रामाणिक वाटतो. प्रामाणिक यासाठी, की जो नियम आपण स्वतः पाळला नाही त्यासाठी दुसऱ्याला शिक्षा देता येत नाही, हे विजेत्यांनी स्वतःच्या निकालपत्रात लिहिले. अर्धा यासाठी, की मग तो नियम जिवंत होता की सर्वांच्या वागण्याने मोडीत निघाला होता, याचे उत्तर त्यांनी टाळले. अमेरिकी न्यायाधीश फ्रान्सिस बिडल यांच्या मते तर डोनिट्झ निर्दोष सुटायला हवा होता.

१७/ पण डोनिट्झ सुटला नाही. आक्रमक युद्ध चालवण्याच्या आणि युद्धगुन्ह्यांच्या आरोपांवर त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. जहाजबांधणीसाठी छळछावण्यांतील १२,००० कैदी कामगार म्हणून घ्यावेत, अशी शिफारस त्याने केली होती. तीही निकालपत्रात नोंदवली गेली. निमिट्झ यांच्या उत्तरांचा या शिफारशीशी काडीचाही संबंध नव्हता. विसंगतीच्या युक्तिवादाने त्याला नेमकी एक गोष्ट मिळवून दिली, त्याहून तसूभरही जास्त नाही.

१८/ ही मर्यादा पुढे पुष्कळांनी पुसून टाकली. युद्धानंतर डोनिट्झच्या चाहत्यांनी 'निमिट्झनेही तेच केले' हे वाक्य उचलले आणि तो केवळ एक सचोटीचा दर्यावर्दी होता, असे चित्र रंगवले. पुरावा तोच, शब्द तेच. पण आता ते वाक्य छावण्यांतील कैद्यांच्या प्रश्नावर पांघरूण घालू लागले. न्यायालयात जो खरा युक्तिवाद होता, तोच आपल्या आरोपापासून तोडून दुसरीकडे नेल्याबरोबर पळवाट झाला. म्हणून एखादे विधान 'व्हॉटअबाउटरी' आहे का, हे त्या विधानाकडे पाहून ठरवताच येत नाही. ते कशाला उत्तर म्हणून आले, हे पाहावे लागते.

१९/ त्याच न्यायालयात आणखी एक नमुना घडला. रुडॉल्फ हेसचा वकील आल्फ्रेड झायडल याने १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत कराराची गुप्त पुरवणी मांडण्याचा प्रयत्न केला. पोलंडची वाटणी दोघांनी मिळून ठरवली होती आणि त्यांतला एक आता न्यायासनावर बसला होता. आरोप खराच होता. पण त्याने हेसचा दोष तिळमात्र कमी होत नव्हता. प्रश्न पडत होता तो न्यायाधीशाच्या अधिकाराविषयी. हा प्रश्न योग्य आहे, फक्त तो वेगळा आहे. 'तुम्हाला निवाडा करण्याचा हक्क नाही' आणि 'मी गुन्हा केला नाही' ही दोन वाक्ये एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

२०/ अर्धशतकानंतर याच प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. बोस्नियातील अहमिची या गावात १६ एप्रिल १९९३ रोजी क्रोएट सैन्याने शंभराहून अधिक मुस्लिम रहिवाशांना ठार मारले. हेगच्या न्यायालयात बचाव आला की मुस्लिम सैन्यानेही क्रोएट गावांवर असेच हल्ले केले. जानेवारी २००० च्या निकालात न्यायालयाने तो साफ फेटाळला. कारण असे: नागरिकांना संरक्षण देणारे नियम म्हणजे दोन सैन्यांतला सौदा नव्हे, की एकाने मोडला म्हणजे दुसराही मोकळा झाला. ते संरक्षण त्या गावातल्या माणसाचे असते, आणि त्या माणसाने काहीही मोडलेले नसते.

२१/ आता जरा घराकडे येऊ, कारण परक्यांच्या खटल्यात तटस्थ राहणे सोपे असते. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. पुढची सुमारे दहा वर्षे स्वाऱ्या होत राहिल्या. आपल्या 'बारगीर' शब्दाचे तिथे 'बर्गी' झाले आणि बंगाली अंगाईगीतात तो शब्द मुलांना भीती घालण्यासाठी राहिला. गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या समकालीन बंगाली काव्यात गावे जाळल्याची आणि सामान्य लोकांवरील अत्याचारांची वर्णने आहेत.

२२/ हा विषय निघाला की मराठी माणसाचे उत्तर बहुधा तयार असते: अलीवर्दी खानाने भास्कररामांना बोलणी करायला बोलावून मानकरा येथे दगा देऊन मारले, त्याचे काय? दगा झाला, हे खरेच. पण त्याचे साल १७४४. बर्दवानच्या परिसरातली लूट १७४२ ची. दोन वर्षांनी घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचे कारण होऊ शकत नाही. आणि १७४४ नंतरच्या स्वाऱ्यांबद्दल बोलायचे तर, अलीवर्दीचा राग ज्या शेतकऱ्याच्या झोपडीवर निघाला त्याने मानकऱ्याचा तंबू पाहिलाही नव्हता. इथे अहमिचीचा निकाल जसाच्या तसा लागू होतो.

२३/ याच विषयात खरी विसंगती दाखवण्याची जागाही आहे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक इंग्रज लेखकांनी मराठ्यांना लुटारू ठरवले आणि त्या लुटीतून हिंदुस्थानच्या रयतेला कंपनीच्या राज्याने सोडवले, अशी मांडणी केली. या मांडणीसमोर १७७० चा बंगालचा दुष्काळ ठेवणे ही पळवाट नव्हे. एकतृतीयांश लोकसंख्या मेल्याचा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये कंपनीच्या संचालकांना कळवला. त्याच पत्रात त्याने असेही कळवले की १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा जास्त होती. दावा रयतेच्या संरक्षणाचा होता. हा पुरावा थेट त्या दाव्यावर जाऊन पडतो.

२४/ पण 'बर्गींनी बर्दवानमध्ये काय केले?' या प्रश्नाला १७७० हे उत्तर दिले, तर तेच साल, तोच आकडा आणि तेच पत्र निव्वळ पांघरूण होते. माझा अनुभव असा, की बोलणाऱ्याला एकच प्रश्न विचारला तर बहुतेक वेळा गोष्ट उघड होते: "बरे, तुमचे म्हणणे मान्य केले, मग मूळ मुद्द्याबद्दल तुमचा निष्कर्ष काय?" क्रान्झब्यूलरकडे याचे उत्तर होते आणि ते त्याने न्यायालयाला सांगितले. ज्याच्याकडे उत्तर नसते, तो सहसा तिसरे उदाहरण काढतो.

२५/ मानकऱ्याच्या दग्यावर स्वतंत्र धागा लवकरच लिहीन. अलीवर्दीने तो कसा रचला आणि त्या दिवशी भास्कररामांबरोबर कोणते सरदार मारले गेले, हा विषय मोठा आहे. तो १७४४ च्या प्रकरणात येईल.